शेगडीचे गुणदोष चाळीस सेकंदांत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात मी घरात वापरावयाच्या वस्तूंची माहिती छोट्या चित्रफितीतून देते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. वस्तू कोणतीही असो, चित्रफीत ४० सेकंदांचीच. त्यापेक्षा लांब झाली की कढईतले पोहे सोडून कोण पाहत बसणार? तेव्हा चाळीस सेकंदांत एखाद्या वस्तूबद्दल खरे काय ते कसे सांगावे, एवढाच माझा आजचा विषय आहे. उदाहरण एकच घेते, इंडक्शन शेगडीचे. ही चित्रफीत पाहून सर्वांत जास्त बायकांनी मला जिन्यात अडवून विचारले, "मग काय ताई, घेऊ का?"

या प्रश्नाचे ओझे असते. आपल्यात कित्येकजणी भिशीचा नंबर लागला की वस्तू घेतात. तीन हजारांच्या आसपासची शेगडी म्हणजे एखादीची तीनचार महिन्यांची काटकसर. वस्तू घरी आणली आणि आपली भांडीच तिच्यावर चालत नाहीत असे कळले, तर ते पैसे माळ्यावर जाऊन बसतात. म्हणून ४० सेकंदांचे ते चार शब्द लिहावयास मला तब्बल पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत काय केले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. मोठ्याने, सावकाश, समोरच्याला कळेल असे बोलले तर मी एका सेकंदाला दोन शब्द बोलते. घड्याळ लावून वाचून पाहिले. म्हणजे ४० सेकंदांत ८० शब्द. त्याहून जास्त कोंबले की बोलणे रेल्वेच्या सूचनेसारखे धावू लागते आणि नेमका महत्त्वाचा शब्द कानाआड जातो. या ८० शब्दांचे मी चार वाटे केले. वस्तू काय आणि माझ्याकडे कशी आली याला १४ शब्द, गुणांना २२, दोषांना २२ आणि कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये याला २२. गुण आणि दोष यांचे शब्द सारखे ठेवण्याला कारण आहे. गुण सावकाश, हसतमुखाने सांगावयाचे आणि दोष शेवटच्या तीन सेकंदांत घाईघाईने उरकावयाचे, अशी युक्ती पुष्कळ ठिकाणी दिसते. ऐकणाऱ्या बाईला वाटते, दोषही सांगितले की! पण ते तिच्या कानात शिरलेलेच नसतात. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाटा वेगवेगळा वाचून घड्याळाने मोजावा.

आता पहिल्या वाट्याबद्दल. ही शेगडी मी विकत घेतली नव्हती. आपल्या बाजारातल्या एका दुकानदाराने ती पंधरा दिवस वापरावयास दिली आणि नंतर मी परत केली. हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातींना बंदी आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेतले असोत, वस्तू फुकट मिळालेली असो, सवलत असो किंवा दुकान आपल्या नात्यातल्याचे असो, ते साध्या भाषेत उघड सांगावे, असे त्यांत म्हटले आहे. चित्रफितीत ते नुसते खाली बारीक अक्षरांत लिहून भागत नाही, तोंडानेही सांगावे लागते. कायदा बाजूला ठेवला तरी ऐकणारीला हे कळावयास हवे. फुकट आलेल्या वस्तूला नाव ठेवताना जीभ जड होते, हे कोणीही समजू शकते.

त्या दुकानदाराने मला दोन गोष्टी सुचविल्या होत्या. खोक्यावर छापलेले 'दुप्पट वेग' हे शब्द घ्या आणि प्लगचे मात्र काढू नका, लोक उगाच बिचकतात, असे त्याचे म्हणणे. दोन्ही तपासून पाहिल्याखेरीज मी काही बोलणार नाही, असे त्याला सांगितले.

आधी वेग. एकच स्टीलचे सपाट बुडाचे पातेले घेतले, त्यात मोजून एक लिटर नळाचे पाणी, वर झाकण. पाणी खळखळून उकळले की घड्याळ थांबवावयाचे. इंडक्शनवर सर्वांत मोठ्या आकड्यावर ४ मिनिटे लागली. पातेले पूर्ण गार करून, तितकेच ताजे पाणी घेऊन, आमच्या गॅसच्या मोठ्या शेगडीवर पाहिले, तर साडेपाच मिनिटे. दोन्हीकडे तीन तीन वेळा केले आणि फरक दहापंधरा सेकंदांचाच पडला. म्हणजे दीड मिनिट वाचते हे खरे, पण दुप्पट वेग काही नाही, निदान आमच्या घरी तरी नाही. 'दुप्पट' हा शब्द गेला आणि '४' व 'साडेपाच' हे आकडे आले. खोक्यावरचा गुण आणि आपण मोजलेला गुण यांत असा फरक असतो. आपला आकडा लहान असला तरी शेजारीण घरी येऊन तो पडताळून पाहू शकते.

मग विजेचा खर्च. तो मोजण्याची एक सोपी रीत आहे. नव्या विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातले फ्रीज, पंखे, दिवे सगळे बंद केले, फक्त शेगडी चालू ठेवली. मुलीला मीटरखाली उभे केले. ती दर दहाला कागदावर एक रेघ मारीत होती. पाणी उकळेपर्यंत ३९ रेघा झाल्या, म्हणजे ३९० वेळा. ३२०० ला ३९० ने भागले की आठच्या किंचित वर उत्तर येते. म्हणजे एका युनिटात आठ लिटर पाणी उकळते. हा आकडा बोलावयास सोपा आहे आणि ज्या बाईला आपला विजेचा दर ठाऊक आहे ती पुढचा हिशेब मनातल्या मनात करू शकते.

'गॅसपेक्षा स्वस्त' हे शब्द मात्र मी मुद्दामच घातले नाहीत. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढील युनिटांना जास्त. समजा एखादीच्या घरी महिन्याला ८० युनिटे जळतात. तिने चहा, दूध आणि भात या शेगडीवर आणला आणि रोज एक युनिट वाढले, तर महिन्याला ११० होतील. त्यांतली वरची दहा युनिटे तिला महाग पडणार. जिच्याकडे आधीच १५० जळतात तिची वाढलेली तिसाच्या तीस युनिटे महाग पडतील. दोघींना एकच उत्तर देता येत नाही. जे एका घरी खरे आणि दुसऱ्या घरी खोटे, ते चाळीस सेकंदांत न सांगितलेलेच बरे. त्याऐवजी युनिटाचा आकडा द्यावा, हिशेब जिचा तिने करावा.

तिसरा गुण मोजण्याचा नव्हता, अनुभवण्याचा होता. या शेगडीत काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज गेली की लोहचुंबकासारखा परिणाम होतो आणि त्यामुळे भांड्याचे बूडच तापते. आच नसते. त्यामुळे विझण्याचे भय न बाळगता वैशाखात पंखा लावून स्वयंपाक करता येतो. काच मात्र भांड्याच्या उष्णतेने तापते, म्हणून पातेले उतरवल्यावर लगेच तिच्यावर हात ठेवू नये.

आता दोषांकडे वळते. दोष निवडताना एकच कसोटी लावली. हे ऐकून एखादी बाई विकत घेण्याचे थांबेल काय? थांबणार असेल तर तो दोष ८० शब्दांत आलाच पाहिजे. 'रंग काळा एकच मिळतो', 'वायर जरा आखूड आहे', 'पंख्याचा आवाज येतो' असले दोष सांगणे म्हणजे दोष सांगितल्याचे नाटक. वायर आखूड म्हणून कोणी शेगडी परत करीत नाही. उलट असे किरकोळ दोष ऐकून बाईचा विश्वास बसतो आणि मोठा दोष तसाच झाकून राहतो.

या कसोटीला तीन दोष उतरले.

पहिला भांड्यांचा. फ्रीजवर चिकटवावयाचे लोहचुंबक घेऊन मी घरातली सगळी भांडी उपडी घातली. शेगडीवर चढणारी एकूण २३ भांडी निघाली. त्यांतल्या नऊ भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटले, चौदांना नाही. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांना चिकटत नाही हे आपण समजू शकतो, पण स्टीलच्याही काही पातेल्यांना चिकटत नाही, कारण सगळे स्टील एका जातीचे नसते. म्हणून 'स्टीलची भांडी चालतात' असे सांगणे अर्धे खोटे आहे. 'लोहचुंबक चिकटेल ती चालतात' हे पुरे खरे. शिवाय बूड सपाट पाहिजे. खोलगट लोखंडी कढईला चुंबक चिकटते, पण ती काचेवर टेकते मध्यावर तेवढी, म्हणून नीट तापत नाही. फोडणीची पळी तर इतकी लहान की शेगडी भांडे ठेवलेले ओळखतच नाही, खुणेचा आवाज करून बंद पडते. आणि ज्यात आपला वरणभात शिजतो तो ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. खाली खास पत्रा बसविलेला किंवा योग्य स्टीलचा नवा घ्यावा लागतो. तो खर्च शेगडीच्या किमतीत धरला पाहिजे.

दुसरा दोष आचेचा. आच नाही हा मघाशी गुण होता, तोच इथे दोष होतो. तव्यावरची पोळी होते, पण फुलका आचेवर फुगवता येत नाही आणि भरताचे वांगे भाजता येत नाही.

तिसरा प्लगचा, जो दुकानदाराला नको होता. २००० वॉटची शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. भिंतीवरचा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. तिला फ्रीज किंवा गिझरला लागतो तसला १६ अँपिअरचा मोठा प्लग आणि त्यामागे तशीच जाड तार पाहिजे. मोठी पिन लहान प्लगात बसावी म्हणून बाजारात जोडतुकडा मिळतो. तो लावला की शेगडी चालू होते, आणि तेथेच धोका आहे. शेगडी दिसावयास उत्तम चालते आणि भिंतीतली तार तापत राहते. दहा मिनिटांनी प्लगला हात लावला आणि तो गरम लागला, जळका वास आला किंवा भोकांभोवती काळपट डाग दिसला, तर शेगडी तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावे. आपल्या वस्तीत जुन्या चाळी आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, तेथे ओट्यापाशी मोठा प्लग क्वचितच असतो. म्हणून दुकानदाराची दुसरी सूचनाही बाजूला राहिली.

काही दोष ८० शब्दांत बसले नाहीत. मंद आचेवर ही शेगडी सतत मंद राहत नाही, काही क्षण चालू व काही क्षण बंद अशी चालते. बासुंदी आटवावयाची तर ढवळत राहावे लागते, नाहीतर बुडाशी धरते. शेगडी बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरतो, तो थांबेपर्यंत प्लग काढू नये. हे घेतल्यावर कळले तरी नुकसान नाही, म्हणून वगळले. एक गोष्ट मात्र वगळण्यासारखी नव्हती, पण ती थोड्याच घरांना लागू आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे त्यांनी ही शेगडी वापरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ही ओळ मी चित्रफितीखाली ठळक लिहिली.

पडद्यावर दिसते ते तोंडाने बोलू नये, याने शब्द वाचतात. ॲल्युमिनियमच्या कुकरच्या बुडाला लावलेले लोहचुंबक गळून पडते, हे मी दाखविले. पातेले आणि भिंतीवरचे घड्याळ एकाच चौकटीत ठेवले, म्हणजे मध्ये काही कापले नाही हे पाहणारीला कळते. चार मिनिटे पुरी दाखविता येत नाहीत, म्हणून ती घाईने पळवून दाखविली आणि काटाही तसाच पळताना दिसू दिला.

शेवटचा वाटा निकालाचा. 'वस्तू चांगली आहे' हा निकाल नव्हे, कारण कोणासाठी चांगली हे त्यात नाही. निकाल घरावरून द्यावा. माझ्या डोळ्यांपुढे दोन घरे होती. एका घरी गॅस आहे, ओट्यापाशी मोठा प्लग आहे, माणसे सहा, आणि सकाळी डबे, दूध, चहा एकाच वेळी. तेथे ही तिसरी शेगडी फार कामाची. दुसरे घर भाड्याच्या खोलीतले, लहान प्लगाचे, भांडी बहुतेक ॲल्युमिनियमची, आणि सिलिंडर परवडत नाही म्हणून गॅसऐवजी हीच ठेवावी असा विचार. तिथे वीज गेली की चूल बंद, भांडी नवी, प्लग नवा. त्या बाईने थांबावे. दोन्ही घरांना उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून 'घ्यावी' आणि 'थांबावे' हे दोन्ही शब्द निकालात हवेत.

आता ते ८० शब्द जसेच्या तसे वाचून दाखविते. कोणाला वाटल्यास घड्याळ लावावे.

"ही २००० वॉटची इंडक्शन शेगडी. दुकानदाराने १५ दिवस फुकट वापरायला दिली होती, परत केली.

एक लिटर पाणी ४ मिनिटांत उकळते. आमच्या गॅसवर साडेपाच लागतात. एका युनिटात असे आठ लिटर. आच नाही, म्हणून पंखा लावून स्वयंपाक होतो.

पण लोहचुंबक चिकटेल तीच सपाट भांडी चालतात. ॲल्युमिनियमचा साधा कुकर नाही. फुलका, वांगे आचेवर भाजता येत नाहीत. १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा.

गॅस आहे, मोठा प्लग आहे, आणि दुसरी शेगडी हवी, त्यांनी घ्यावी. गॅसऐवजी एकटीच ठेवायची असेल, किंवा भांडी नवी घ्यावी लागतील, त्यांनी थांबावे."

एवढेच. यानंतर आपल्यातल्या दोघींनी शेगडी घेतली. एकीने आधी वायरमनकडून मोठा प्लग बसवून घेतला आणि मग दुकानात गेली. तिसरीने घरातली भांडी लोहचुंबक लावून पाहिली, फक्त दोनच निघाली, आणि भिशीचे पैसे तिने मुलाच्या सायकलीला दिले. दुकानदाराने मला त्यानंतर दुसरी वस्तू वापरावयास दिलेली नाही. म्हणून पुढल्या चित्रफितीत सभासदांच्या घरी आधीपासून असलेलीच वस्तू घ्यावयाची असे ठरविले आहे. कोणाकडे वर्षभर वापरलेला मिक्सर किंवा पाण्याचा फिल्टर असेल तर तिने मला सांगावे. वर्षभर वापरलेल्या वस्तूचे दोष पंधरा दिवस वापरलेल्या वस्तूपेक्षा नीट कळतात.

माझे लोहचुंबक मंडळाच्या कपाटात चाव्यांच्या डब्यात ठेवले आहे. ज्यांना भांडी तपासावयाची असतील त्यांनी ते न्यावे आणि आठवणीने परत ठेवावे.